मुलगी सुखरूप घरी आली, तरी बाबा का चिडले? रागाआड दडलेल्या भावनांची गोष्ट

नाशिकमधलं एक घर. अकरावीतल्या मुलीचा कॉलेज रोडवरचा क्लास सात वाजता सुटतो आणि साडेसातपर्यंत ती पंचवटीतल्या घरी पोहोचते. आज आठ वाजले तरी तिचा पत्ता नाही. फोन लावला तर 'स्विच्ड ऑफ'. बाबांनी आधी क्लासमध्ये फोन केला, मग एका मैत्रिणीला, मग दुसऱ्या मैत्रिणीच्या आईला. कुणालाच काही माहिती नाही. साडेआठला ते खाली जाऊन सोसायटीच्या गेटपर्यंत चक्कर मारून आले. पावणेनऊला त्यांनी चपला घातल्या आणि स्कूटरची किल्ली हातात घेतली, पण जायचं कुठे हेच कळेना.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. मुलगी दारात उभी होती. एका मैत्रिणीचा वाढदिवस होता, सगळ्या मिळून खायला गेल्या, फोनची बॅटरी संपली आणि गप्पांमध्ये वेळ कळलाच नाही.

तासाभराहून जास्त वेळ ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता, ती गोष्ट घडली होती. पोरगी धडधाकट समोर उभी होती. खरं तर बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: "ही काय घरी यायची वेळ झाली? लाज वाटते का काही? उद्यापासून क्लास बंद!"

पुढची दहा मिनिटं घरात आवाज चढलेले होते. मुलगी "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही" असं ओरडून खोलीत गेली आणि तिने दार आपटलं. मधल्यामध्ये आईने सहावीतल्या धाकट्याला, तो टीव्हीसमोर निमूट बसलेला असताना, "तू काय बघत बसलायस, अभ्यास झाला का?" म्हणून झापलं. रात्री ताटं वाढली गेली, पण कुणी धड जेवलं नाही.

हा प्रसंग उदाहरणादाखल रचलेला आहे, पण थोड्याफार फरकाने तो बहुतेक घरांत घडून गेलेला असतो. त्या रात्री घरात तीन माणसं चिडली होती. मानसशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर तिघांचा राग खरा होता, पण तिघांच्याही बाबतीत राग ही मनात आलेली पहिली भावना नव्हती.

'दुय्यम भावना' म्हणजे काय?

भावनांकडे पाहण्याची ही पद्धत मानसोपचारात रुळली ती मुख्यतः कॅनडातील मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या कामामुळे. त्यांनी आणि जेरेमी सॅफ्रान यांनी १९८७ साली 'इमोशन इन सायकोथेरपी' हे पुस्तक लिहिलं. ग्रीनबर्ग यांनी पुढे विकसित केलेल्या भावनाकेंद्री उपचारपद्धतीत एक साधा, पण फार उपयोगी भेद केला जातो. एखाद्या घटनेला मनाने दिलेला थेट, पहिला प्रतिसाद म्हणजे प्राथमिक भावना. आणि त्या पहिल्या भावनेला दिलेला प्रतिसाद म्हणजे दुय्यम भावना.

इथे 'दुय्यम' म्हणजे कमी महत्त्वाची किंवा खोटी असं नाही. ती क्रमाने दुसरी येते, एवढाच त्याचा अर्थ. बाबांच्या मनात आठ वाजल्यापासून भीती होती. ती भीती असह्य झाली आणि तिच्यावर प्रतिक्रिया म्हणून राग आला. दारात उभ्या असलेल्या मुलीला मात्र फक्त दुसरी भावना दिसली. पहिली तिला दिसायचा संबंधच नव्हता, कारण ती घडत होती तेव्हा मुलगी तिथे नव्हती. ती आली तेव्हा तिच्या वाट्याला तयार झालेला राग आला.

मराठीत यासाठी वेगळी परिभाषा नाही, पण भाषेला हा फरक चांगला ठाऊक आहे. आपल्याकडे रागासाठी एकच शब्द नाही. जवळच्या माणसाने दुखावलं की येतो तो रुसवा. काहीच करता येत नाही म्हणून होते ती चडफड. आपलं कुणी ऐकत नाही अशा हतबलतेतून माणूस स्वतःलाच त्रास करून घेतो तो त्रागा. 'चडफड' हा शब्द वापरताना आपण नकळत सांगत असतो की या माणसाचा राग आहे, पण त्याच्या हातात काही नाही. त्यामानाने 'राग' हा शब्द ढोबळ आहे. तो वरचं दाखवतो, आतलं झाकतो.

पण मग सुटकेच्या क्षणीच राग का आला?

बाबांच्या रागातली सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्याची वेळ. काळजी सुरू होती तेव्हा ते चिडले नव्हते. काळजी संपली त्या क्षणी चिडले. हे तर्काला धरून नाही, पण शरीराच्या दृष्टीने अगदी सरळ आहे.

भीती वाटते तेव्हा शरीर धोक्याला तोंड द्यायच्या तयारीत जातं. ॲड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके जलद होतात, स्नायू आवळले जातात, श्वास उथळ होतो. राग येतो तेव्हाही शरीरात बऱ्याच अंशी हेच घडतं. दोन्ही भावनांची ठेवण मनात वेगळी असली, तरी त्यांना लागणारं इंधन जवळपास एकच आहे. आणि मुख्य म्हणजे, हे इंधन बटण दाबल्यासारखं बंद होत नाही. धोका टळला हे मेंदूला एका क्षणात कळतं, शरीर मात्र बराच वेळ पेटलेलं राहतं.

मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात याच गोष्टीचा अभ्यास केला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागी लोकांपैकी काहींना आधी मुद्दाम डिवचण्यात आलं. मग त्यातल्या काहींना व्यायामाच्या सायकलवर पेडल मारायला लावलं, तर काहींना शांत बसवलं. त्यानंतर डिवचणाऱ्याला शिक्षा द्यायची संधी मिळाली, तेव्हा सायकल चालवून आलेले लोक जास्त आक्रमक वागले. सायकलचा आणि अपमानाचा काहीही संबंध नव्हता. पण व्यायामाने चढलेली शरीरातली उत्तेजना उतरली नव्हती आणि ती रागात मिसळली गेली. एका कारणाने चढलेली उत्तेजना दुसऱ्याच भावनेला बळ देते, असं झिलमन यांचं म्हणणं होतं.

बाबांची सायकल म्हणजे आठ ते नऊ दहा हा वेळ. दार उघडलं तेव्हा त्यांचं शरीर तासाभराहून जास्त वेळ धावून आल्यासारखं होतं. भीतीचं कारण संपलं होतं, पण तिने साठवलेली ताकद तशीच होती. समोर चूक केलेली व्यक्ती उभी होती. मुलगी उशिरा आली होती, तिने कळवलंही नव्हतं. उरलेल्या उत्तेजनेला जाऊन चिकटायला हे कारण पुरेसं होतं.

भीतीपेक्षा राग बरा का वाटतो?

शरीराने अर्धी गोष्ट समजते. उरलेली अर्धी अशी की, राग माणसाला भीतीपेक्षा बराच सुखकर वाटतो. हे ऐकायला विचित्र आहे, पण थोडं आठवून पाहा. भीती वाटते तेव्हा आपण लहान होतो. दुखावलो जातो तेव्हा उघडे पडतो, समोरच्याला आपल्यावर इतका परिणाम करता येतो हे कबूल करावं लागतं. हतबलतेत तर करण्यासारखं काही उरतच नाही. राग या तिन्हींच्या उलट आहे. त्यात दिशा आहे, ताकद आहे आणि बोट दाखवायला समोर कुणीतरी आहे.

जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या संशोधकांनी २००१ साली हा फरक नेमकेपणाने मांडला. भीती आणि राग या दोन्ही नकोशा भावना आहेत, पण भ्यालेल्या माणसाला जग जास्त धोकादायक दिसतं आणि चिडलेल्या माणसाला कमी. धोक्याचा अंदाज बांधताना चिडलेली माणसं बऱ्याचदा आनंदी माणसांसारखी आशावादी असतात, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. लर्नर आणि सहकाऱ्यांनी त्यानंतर देशभरातल्या लोकांवर अभ्यास केला. काहींना या हल्ल्यातल्या भीती वाटणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यायला लावलं, काहींना राग आणणाऱ्या गोष्टींकडे. घटना एकच होती. पण ज्यांचा राग जागा केला गेला, त्यांना पुढचा धोका कमी वाटला.

म्हणजे राग भीतीची धार बोथट करतो. तो एका अर्थी वेदनाशामक गोळीसारखा काम करतो. गोळीने ताप उतरतो, पण ताप कशाचा होता ते कळायचं राहून जातं. बाबांना त्या वेळात जे वाटलं ते शब्दांत आणायचं तर 'मी तुला वाचवू शकलो नसतो' असं काहीसं होतं. वडील म्हणून हे वाक्य स्वतःशीही बोलणं कठीण आहे. 'उद्यापासून क्लास बंद' हे त्यामानाने खूप सोपं. त्यात पुन्हा सगळं आपल्या हातात आलेलं असतं.

यात वाढवण्याचाही भाग आहे. आपल्याकडे मुलगा रडला की "मुलीसारखा काय रडतोस" असं ऐकतो, पण त्याने आदळआपट केली की "तापट आहे, बापावर गेलाय" असं थोड्या कौतुकानेच म्हटलं जातं. भीती आणि दुःख दाखवायची दारं बंद असलेल्या माणसाकडे रागाचं एकच दार उरतं. मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. त्यांना राग दाखवायची मुभा नसते, म्हणून राग रडण्याच्या वाटेने बाहेर येतो. तिथे अश्रू दुय्यम आणि राग प्राथमिक असू शकतो. पहिल्या भावनेला दुसरी भावना झाकते, हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो.

मुलीचा राग, आईचा राग

आता त्या घरातल्या बाकीच्या दोघींकडे पाहू.

मुलगी घरी येताना अपराधी होती. उशीर झाल्याचं तिला कळत होतं. जिना चढताना ती कदाचित माफी मागायचं ठरवतही असेल. पण "लाज वाटते का" हे शब्द कानावर पडले आणि अपराधीपणाची जागा दुखावलेपणाने घेतली. आपण काहीतरी वाईट करून आलोय असं बाबांना वाटतंय, असा तिने त्याचा अर्थ लावला. दुखावलेली पोर रडली असती तर बाबा कदाचित विरघळले असते. ती चिडली. "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही" या वाक्यात खरं तर सगळं होतं, पण ते ओरडून म्हटलेलं असल्याने बाबांना त्यात फक्त उद्धटपणा ऐकू आला. बाबांच्या भीतीवर रागाचं झाकण होतं आणि मुलीच्या दुखण्यावरही. दोन झाकणं एकमेकांवर आपटत राहिली.

आईचं वेगळंच. तीही इतका वेळ घाबरलेली होती. मुलगी आल्यावर तिला हायसं वाटलं, पण लगेच नवराही ओरडतोय आणि मुलगीही ओरडतेय. एकाची बाजू घेतली तर दुसरा म्हणणार, "तुझ्यामुळेच हे असं झालंय." मधे पडून उपयोग नाही, गप्प बसवत नाही. ही हतबलता. आणि हतबलतेतून आलेला राग सहसा ज्याच्यावर निघायला हवा त्याच्यावर निघत नाही, तो ज्याच्यावर काढणं परवडतं त्याच्यावर निघतो. म्हणून धाकटा. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. ऑफिसात साहेबाचं ऐकून घेतलेला माणूस घरी आमटीतल्या मिठावरून भडकतो तेव्हाही हाच हिशेब असतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲव्हरिल यांनी रोजच्या आयुष्यातल्या रागाचा अभ्यास केला होता. लोक सर्वाधिक कुणावर चिडतात, तर ओळखीच्या आणि प्रिय माणसांवर. अनोळखी माणसांवर त्यामानाने फारच कमी. राग जर नुसता शत्रूंसाठी असता तर हे आकडे उलटे हवे होते. पण भीती ज्यांच्यासाठी वाटते आणि दुखावण्याची ताकद ज्यांच्यात असते, ती माणसं घरातलीच असतात.

प्रत्येक राग दुय्यम असतो का?

नाही. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सोशल मीडियावर हिमनगाचं एक चित्र बरंच फिरत असतं. वर पाण्याबाहेर राग आणि खाली भीती, दुःख, लाज, एकटेपणा. चित्र चांगलं आहे. पण त्यासोबत 'राग ही नेहमी दुय्यम भावनाच असते' असं वाक्य जोडलं जातं, ते बरोबर नाही.

भावनांचे अभ्यासक पॉल एकमन यांनी मूलभूत भावनांची जी यादी केली, तिच्यात भीती आणि दुःखाच्या बरोबरीने राग आहे. ग्रीनबर्ग यांच्या मांडणीतही प्राथमिक राग आहे. बसमध्ये कुणी अंगाला हात लावला, मजुरी बुडवली, चारचौघांत जातीवरून बोललं, तर येणारा राग हा थेट आणि पहिला प्रतिसाद असतो. तो सांगतो की हद्द ओलांडली गेली आहे. अशा माणसाला "तुझ्या रागाखाली काय दुखतंय ते शोध" असं सांगणं म्हणजे त्याच्यावरच्या अन्यायाला त्याच्या मनाचा प्रश्न बनवणं. ते चूक तर आहेच, क्रूरही आहे.

ग्रीनबर्ग आणखी एक प्रकार सांगतात. काही वेळा राग हे साधन असतं. समोरच्याने घाबरून ऐकावं म्हणून तो वापरला जातो, मग जाणूनबुजून असो की सवयीने. ओरडलं की घर गप्प होतं हे ज्याला कळलेलं असतं, तो ओरडतो. या रागाखाली दरवेळी हळवं काही सापडेलच असं नाही.

मग आपला राग कुठला, हे ओळखायचं कसं? पक्की चाचणी नाही, पण काही खुणा आहेत. प्राथमिक राग घटनेच्या मापाचा असतो. तो नेमक्या गोष्टीबद्दल असतो आणि ती गोष्ट सांगून झाली, ऐकली गेली, की ओसरायला लागतो. दुय्यम राग बोलून संपत नाही. तो गोल फिरतो, जुनी प्रकरणं उकरतो आणि 'नेहमी', 'कधीच', 'तुला तर' असे शब्द त्यात वाढत जातात. बाबांचं भाषण वाढदिवसावरून सुरू झालं आणि तीन मिनिटांत दहावीच्या मार्कांवर, मैत्रिणींच्या निवडीवर आणि मोबाईलच्या रिचार्जवर पोहोचलं. ही सगळ्यांत सहज दिसणारी खूण. दुसरी खूण म्हणजे मापातला फरक. फोन चार्ज न करणं ही चूक आहे, पण क्लास बंद करण्याइतकी नाही. राग चुकीपेक्षा खूप मोठा असेल, तर उरलेला भाग दुसरीकडून आलेला असतो.

राग 'काढून टाकल्याने' का जात नाही?

मनात ठेवू नये, एकदाचं बोलून मोकळं व्हावं, उशीवर गुद्दे मारावेत, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हा सल्ला तपासला. आधी त्यांच्या लिखाणावर कडक टीका करून त्यांना चिडवलं गेलं. मग एका गटाने टीका करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, दुसऱ्याने व्यायामाचा विचार करत मारले आणि तिसरा गट नुसता शांत बसला. सर्वांत जास्त चिडलेला राहिला तो पहिला गट. सर्वांत कमी आक्रमक ठरला तो काहीच न करता बसलेला गट.

दुय्यम रागाच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट आहे. बाबा कितीही ओरडले तरी भीतीबद्दल एक शब्दही बोलले गेले नाहीत. मग ती कमी कशी होणार? उलट दुसऱ्या दिवशी मुलगी अबोल असते, बाबांना वाटतं ती काहीतरी लपवतेय आणि भीती वाढते. पुढच्या वेळी उशीर होणार असं दिसलं की मुलगी फोन करणार नाही, कारण फोन केला तर शिव्या पडणार हे तिला माहिती आहे. म्हणजे ज्या गोष्टीची बाबांना भीती आहे, नेमकी तीच गोष्ट त्यांच्या रागामुळे घडण्याची शक्यता वाढते. दांपत्यांसोबत काम करताना याच फेऱ्याचा शोध सू जॉन्सन यांनी घेतला. त्यांनी ग्रीनबर्ग यांच्यासोबत १९८० च्या दशकात जोडप्यांसाठी याच धर्तीवर उपचारपद्धती उभी केली. तिच्यात भांडणाचा विषय कोण बरोबर हा नसतो. हा फेरा कुठून सुरू होतो आणि त्याखाली दोघांना कशाची धास्ती आहे, ते पाहिलं जातं.

त्या रात्री काय करता आलं असतं?

दार उघडल्याच्या पहिल्या मिनिटात फारसं काही नाही, हे आधी मान्य करावं. पेटलेल्या शरीराला आत्मपरीक्षण जमत नाही. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन अशा वेळी किमान वीस मिनिटं वेगळं होण्याचा सल्ला देतात. "आलीस ना, बरं झालं. हातपाय धू, जेव, मग बोलू" एवढं म्हणून गॅलरीत जाणं बाबांना शक्य होतं. अट एकच, त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भाषणाची तयारी करायची नाही. नाहीतर गॅलरीत उभं राहून बुशमन यांच्या पहिल्या गटासारखंच होतं.

मग एक प्रश्न. राग यायच्या अगदी आधी काय वाटत होतं? 'का आला' असं विचारलं की मन समोरच्याच्या चुका मोजायला लागतं. 'त्याआधी काय होतं' विचारलं की घड्याळ मागे जातं. नऊ दहाच्या आधी, पावणेनऊला किल्ली हातात घेऊन उभं असताना काय होतं? तिथे उत्तर मिळतं. भावनेला नाव दिल्याने तिची तीव्रता कमी होते याला थोडा प्रायोगिक आधारही आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात चेहऱ्यांवरच्या भावनांना शब्द देताना मेंदूतल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. हा भाग धोक्याची दखल घेण्याशी जोडलेला आहे.

त्यानंतर बोलायचं. इथे तीन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं, भावनेच्या नावाखाली आरोप करणं. "मला वाटतं तू बेजबाबदार आहेस" यात 'वाटतं' असलं तरी भावना नाही, निकाल आहे. "फोन बंद आला आणि मी खूप घाबरलो" यात भावना आहे. दुसरं, आणि हे आपल्या घरांत फार होतं, भीतीचं हत्यार करणं. "माझं बीपी वाढलं, काही झालं असतं मला तर कळलं असतं तुला!" यात भीती बोलली गेली खरी, पण मुलीच्या डोक्यावर ओझं म्हणून. त्याचा परिणाम रागासारखाच होतो. तिसरं, दुसऱ्याच्या मनाचं निदान करणं. आईने बाबांना सगळ्यांसमोर "तुम्ही चिडलेले नाही, घाबरलेले आहात" असं सुनावलं असतं, तर बाबा आणखी भडकले असते. आपल्या रागाखालचं आपण शोधावं. दुसऱ्याला फार तर विचारता येतं, "तुम्हाला काळजी वाटत होती का?"

समजा, बाबा जेवणानंतर असं बोलले:

"अगं, आठपासून तुझा फोन बंद. मी गेटपर्यंत जाऊन आलो. कुठे शोधायला जावं तेच कळेना. खूप घाबरलो होतो, म्हणून तुझ्यावर ओरडलो. क्लास बंद वगैरे करत नाहीये मी."

"मला वाटलं, बाबा, तुम्हाला मी कुणाबरोबर तरी फिरतेय असं वाटलं."

"तसं नाही. पण उशीर होणार असेल तर कुणाच्याही फोनवरून कळवायचं. हे मात्र ठरलं."

यात नियम सुटलेला नाही. उशिराबद्दल बोलणं झालं, कळवायचं ठरलंही. फरक इतकाच की आता मुलीला नियमामागचं कारण माहिती आहे. तिला काय दुखलं ते बाबांना कळलं आणि ते त्यांच्या डोक्यातही नव्हतं. दरवेळी संभाषण इतकं सुरळीत होत नाही. पहिल्यांदा मुलगी खांदे उडवून निघूनही जाईल, कारण तिला या भाषेची सवय नाही.

जिथे ही समजूत पुरत नाही

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. रागाखाली दुःख आहे हे कळल्याने रागाच्या भरात केलेलं कृत्य माफ होत नाही. नवरा मारतो, वस्तू फेकतो, धमकावतो आणि नंतर "त्याचं बालपण वाईट गेलं, आतून तो दुखावलेला आहे" असं बायकोला समजावलं जातं. ते दुःख खरं असेलही, पण त्यावर काम करणं ही त्याची जबाबदारी आहे. मार खाणाऱ्याने आधी स्वतःची सुरक्षितता पाहायची असते. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सतत राहणारी चिडचिड. आठवड्यांमागून आठवडे एखादा माणूस प्रत्येक गोष्टीवर खेकसतोय, झोप बिघडली आहे, आवडीच्या गोष्टी सुटल्या आहेत, तर त्याखाली नैराश्य असू शकतं. विशेषतः मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये. नैराश्याचं निदान करताना मोठ्यांमध्ये उदास मनःस्थिती पाहिली जाते, मुलांमध्ये मात्र तिच्या जागी चिडकेपणाही ग्राह्य धरला जातो. घरचे 'हल्ली फार उद्धट झालाय' म्हणत असतात आणि मुलगा आतून खचत असतो. अशा वेळी शिक्षा वाढवण्याआधी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.